मायाबाईची ओपन फाईल

मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास चंद्रशेखरच्या फोनवर बायकोचं, महामायाचं नाव आलं. तो नांदुऱ्यात, स्टेशन रोडवरच्या आपल्या दुकानात एका हॉटेलच्या बोर्डाची अक्षरं कापत बसला होता. दोन्ही हात गोंदाने चिकट झालेले. फोन खांद्यात धरून तो म्हणाला, "बोल."

पलीकडे महामाया नव्हती.

"भाऊजी, मी जनकाबाई. वडनेरची, भाजीवाली. मायाबाई माह्या दुकानापुढं खाली बसली तं उठूनच नाही राह्यली. तुम्ही दवाखान्यात या. लवकर या."

तो गेला तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवर ती होती, पण नव्हती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, आणताना रस्त्यातच संपलं होतं. खाटेखाली तिच्या चपला होत्या. उशाशी बँकेची निळी थैली आणि वसुलीचं छोटं मशीन. महामाया एकोणीस वर्षं बँकेची रोजची ठेव गोळा करायची. कुणाचे दहा, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास. पैसे घेतले की मशीनमधून पावती निघायची, ती फाडून हातात द्यायची, मगच पुढं. पगार नव्हता, नुसतं कमिशन.

डॉक्टरांचा कागद अजून यायचा होता, तेवढ्यात बँकेचा शिपाई कडूबा आला. दारातच उभा राहिला. मान वर करेना.

"चंदूभाऊ, साहेबानं मशीन आन् थैली आणाले सांगतली. आजचा भरणा आजच कराव लागते."

चंद्रशेखरने त्याच्याकडं पाहिलं. मग उशाशी हात घालून मशीन आणि थैली उचलून त्याच्या हातात दिली. मशीनच्या तोंडात शेवटची पावती अर्धी बाहेर आली होती. जनकाबाई पुढं झाली आणि ती फाडून घेतली. "माही आहे," म्हणाली. "वीस रुपये देल्ले अन् ती बसली."

कडूबा निघून गेल्यावर चंद्रशेखरच्या लक्षात आलं, थैली दिली पण त्याची पोच घेतली नाही. महामायाने घेतली असती. ती मेली तरी तिने घेतली असती. हे त्याच्या डोक्यात आलं आणि त्याला तिथंच, त्या खाटेजवळ, पहिल्यांदा राग आला. तो अजून उतरलेला नाही.

चार महिन्यांनी बँकेचा फोन आला. सप्तधारा नागरी सहकारी बँकेच्या मुख्य अधिकारी पुष्पांजली मॅडम बोलत होत्या. बाईचा आवाज मऊ होता.

"चंद्रशेखरभाऊ, एक काम होतं. आपण तीन मिनिटांची कार्टून फिल्म करतो आहोत. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा खातं उघडलंय त्यांच्यासाठी. खाती हजारोंनी निघाली, पण त्यात कुणी पैसे टाकत नाही. शाळेत दाखवू, बचत गटात दाखवू. त्यात बोलणारं एक पात्र पाहिजे. लोकांना आपलं वाटेल असं. ते तुम्ही काढा."

"मीच काऊन?" त्याने विचारलं.

"गावोगावच्या भिंती तुम्ही रंगवल्या. लोक कुठल्या चित्रापुढं थांबतात ते तुम्हाला माहीत आहे."

त्याला नाही म्हणायचं होतं. ज्या बँकेला त्याच्या बायकोच्या आधी तिची थैली आठवली, तिच्यासाठी चित्र कशाला काढायचं? पण दुकानाचं शटर चार महिने अर्धंच उघडत होतं, आणि घरी गेलं की स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तो म्हणाला, "येतो."

बैठकीत अध्यक्ष भाऊराव आधीच बसलेले होते. शेती, जिनिंग, पेट्रोल पंप आणि बँक, चारही ठिकाणी तेच. त्यांच्या पुतण्याने इंटरनेटवरून काढलेलं एक चित्र टेबलावर होतं. गुलाबी डुक्कर, पाठीवर फट, फटीत नाणं.

"हे घे पेंटर," भाऊराव म्हणाले. "जगात सगळ्या बँका हेच लावतात. ह्याले जरा टोपी-बिपी घाल."

"साहेब, हे बाजारात दाखवाल तं लोक काठी घेऊन मागं लागतील," चंद्रशेखर म्हणाला. "आपल्याकडं डुक्कर पीक खाते. आन् मुसलमानाच्या घरात हे चित्र कोण लावू देईन?"

पुष्पांजली मॅडम खाली मान घालून हसल्या. भाऊरावांना ते आवडलं नाही. "मंग तूच सांग."

"मी आधी विचारतो लोकायले. मंग सांगतो."

त्याने आठ दिवसांत तीन पात्रं काढली. एक खारूताई, एक मातीचा गल्ला हातपाय असलेला आणि एक मधमाशी, कमरेला छोटी थैली बांधलेली. मधमाशी त्याची आवडती होती. गोल डोकं, मोठे डोळे, पिवळा-काळा रंग लांबूनही उठून दिसायचा. तिन्ही चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून तो बाजाराच्या दिवशी वडनेर भोलजीला गेला. नांदुऱ्यातही बाजार भरतो. पण महामायाची वसुलीची शेवटची लाईन वडनेरची होती, म्हणून तिथं.

जनकाबाईने खारूताई पाहून मान हलवली. "हे माह्या भेंड्या कुरतडते."

"आन् हा गल्ला?"

"गल्ला फोडल्याबिगर पैसा निघते का? हे पाहून पोट्टे म्हणतीन, बँक फोडाव लागते." शेजारची कांदेवाली खो खो हसली.

"बरं, ही माशी पाहा. थेंब थेंब गोळा करते, पोळं भरते."

जनकाबाईने पुठ्ठा हातात घेऊन नीट पाहिला. "भरते ना. आन् मध कोण खाते, भाऊजी? खालून धूर करून दुसराच काढून नेते. माशीच्या हाती काय लागते?"

चाळीस वर्षं चित्रं काढून चंद्रशेखरच्या डोक्यात जे आलं नव्हतं, ते या बाईने टोपली पुसता पुसता सांगितलं. त्याने पुठ्ठा काखेत मारला.

"मावशी, मंग तुम्ही कोणाच्या म्हण्यावर पैसे टाकले बँकेत?"

"कोणाच्या म्हंजे? मायाबाईच्या." जनकाबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमच्या बँकेले कोण ओळखते इथं? आम्ही बाईले ओळखत होतो."

त्याने घरी येऊन मधमाशीचा कागद बाजूला ठेवला आणि महामायाला काढायला बसला.

ते सोपं नव्हतं. फोटोवरून चेहरा काढणं त्याला रोजचं होतं. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे किती बोर्ड केले त्याला मोजमाप नाही. पण कार्टून म्हणजे फोटो नव्हे. फोनच्या पडद्यावर पात्र बोटाएवढं दिसतं. त्यात नाकाची रेघ, गालाची सुरकुती काही टिकत नाही. टिकतो तो फक्त आकार. म्हणून त्याने आधी नुसत्या काळ्या सावल्या काढल्या. आत काही न भरता, बाहेरच्या रेघेवरून बाई ओळखू आली पाहिजे. डोकं मोठं, शरीर डोक्याच्या अडीचपट, खांदा थैलीच्या बाजूला थोडा खाली. एकोणीस वर्षं थैली वाहून तिचा डावा खांदा खरंच खाली गेला होता. सोळाव्या सावलीत ती आली. तो खांदा दिसला आणि त्याने पेन खाली ठेवलं. चहा केला. पुन्हा बसला.

मग समोरून, तिरकी, बाजूने, मागून अशी एकाच मापात पट्टी केली. चेहऱ्याचे आठ भाव. हसरा, विचारात पडलेला, समजावणारा, आणि एक रागावलेला. रागावली की महामायाची डावी भुवई आधी वर जायची, मग ती बोलायची. तो भाव त्याने सगळ्यात आधी काढला. तोंडाचे आकार केले. आ, ई, उ, ओ यांचे वेगळे; प-ब-म साठी मिटलेले ओठ; फ-व साठी दात ओठावर. त्याच्या फोनमध्ये महामायाचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. कुठल्याशा गटाच्या बैठकीत ती म्हणत होती, "पावती पाह्य. माह्या तोंडाकडं नको पाहू, पावती पाह्य." ते त्याने शंभरदा थांबवून थांबवून पाहिलं, ओठ कसे मिटतात ते बघायला. आवाज बंद करून पाहिलं. आवाज त्याला सहन होत नव्हता.

शेवटी हात, कोपर, मनगट, पंजे, मान, भुवया सगळे वेगवेगळ्या थरांत तोडले, म्हणजे ॲनिमेशनवाला सांधे जोडून ते हलवू शकेल. उजव्या हातात पावती दिली. पावतीचा थर वेगळा ठेवला.

पुष्पांजली मॅडमनी चित्र पाहिलं आणि त्या खाली गेलेल्या खांद्यावर बोट ठेवलं.

"ह्या मायाताई आहेत."

"हो."

"तुम्हाला चालेल?"

"तिले चाललं असतं का ते पाहावं लागन," तो म्हणाला. "जे ती बोलत होती तेच ह्या बाईनं बोललं, तं चालन."

भाऊरावांनी चष्मा वर केला. "चांगली आहे. पण जरा गोरी कर ना बे. आन् कपाळ पांढरं आहे, टिकली टाक. ह्या चपला काढ, घरातली बाई वाटली पाह्यजे."

"ती घरातली नोहती, साहेब. रस्त्यावरची होती. उन्हात चालत होती म्हून काळी होती. कपाळ तिचं तसंच होतं." त्याचा आवाज चढला तसा मॅडमनी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. "रंग बदलाचा नाही. टिकली नाही. चपला राहतीन."

"बरं बरं, तापू नको," भाऊराव हसले. "तुह्याच घरची आहे, ठेव जशी आहे तशी. ओपन फाईल पाठवून दे, पुण्याचा पोरगा हलवून देईन तिले."

आता इथं चंद्रशेखरने जी चूक केली ती सांगितलीच पाहिजे. फ्लेक्स आणि डिझाईनच्या धंद्यात ओपन फाईल कुणी कुणाला देत नाही. ओपन फाईल म्हणजे थर सुटे असलेली मूळ फाईल. ज्याच्या हाती ती, तो पाहिजे तो रंग बदलेल, पाहिजे ते पुसेल, पाहिजे ते बोलायला लावेल. गिऱ्हाईकाला नुसतं चित्र द्यायचं. ओपन फाईल द्यायचीच तर आधी कागद करायचा. चित्र कुणाचं, कशासाठी वापरायचं, काय बदलायचं नाही. हे त्याला झोपेतही माहीत होतं. पण भाऊराव म्हणाले, "कागद नंतर करू, घरचंच काम आहे," आणि त्याने त्याच संध्याकाळी फाईल पाठवून दिली. नगद अर्धे पैसे घेतले, त्याचीही पावती नाही दिली, नाही घेतली. ज्या बाईने आयुष्यभर पावती पावती केली, तिचाच चेहरा त्याने पावतीशिवाय देऊन टाकला.

पंधरा दिवसांनी संहिता आली. वाचता वाचता तो चौथ्या दृश्यापर्यंत आला. पात्र दोन इमारतींच्या मधे उभं राहून म्हणत होतं: "बँक असो की आपली सप्तधारा पतसंस्था, तुमचा पैसा दोन्हीकडं सारखाच सुरक्षित!"

पतसंस्था भाऊरावांच्या धाकट्या भावाची. एकाच इमारतीत, खाली बँक आणि वर पतसंस्था. नाव एक, बोर्डाचा रंग एक. तो बोर्डही चंद्रशेखरनेच रंगवला होता, त्याला रंग पाठ होते. व्याज वर जास्त मिळायचं.

मरण्याच्या दोन वर्षं आधी महामायाला सांगण्यात आलं होतं की थैली तीच ठेव, लोकांचा थोडा पैसा वरच्या पतसंस्थेतही वळव, कमिशन दुप्पट. ती नाही म्हणाली. घरी येऊन भाकऱ्या थापता थापता तिने त्याला समजावलं होतं. "बँक बुडली तं पाच लाखापर्यंत विमा आहे. माणसामागं, मुद्दल आन् व्याज मिळून. पतसंस्थेले तो विमा नाही. ठेवाचा त्याईनं ठेवावा, मी नाही कोणाले नाही म्हनत. पण माह्या तोंडानं दोन्ही सारखं नाही सांगणार." पुढच्याच महिन्यात नांदुऱ्याच्या मेन रोडची तिची लाईन, सतरा वर्षांची जमवलेली दुकानं, दुसऱ्याला दिली गेली. तिला वडनेर दिलं. बसने जायचं, उन्हात फिरायचं, बसने यायचं. दोन उन्हाळे तिने काढले. तिसऱ्यात ती खाली बसली.

चंद्रशेखर संहिता हातात घेऊन तसाच बँकेत गेला. दार न वाजवताच तो अध्यक्षांच्या खोलीत शिरला.

"हे वाक्य काढा."

भाऊरावांनी कागद पाहिला, परत सरकवला. "काऊन? खोटं काय आहे त्याच्यात? आजवर बुडाली का पतसंस्था?"

"बुडाली नाही म्हून सारखी होत नाही. विमा आहे का तिले?"

"तू पेंटर आहेस का रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर?" भाऊराव हसले. दाराशी उभा कडूबा हसला नाही.

"मंग माहं चित्र परत द्या."

"तुहं चित्र? पैसे घेतले ना बे? कागद दाखव. कुठं लिहिलं आहे, चित्र तुहं म्हून?"

कागद नव्हता. दोघांनाही ते माहीत होतं. फरक एवढाच, की भाऊरावांना ते आधीपासून माहीत होतं.

चंद्रशेखर पुष्पांजली मॅडमच्या केबिनमध्ये गेला. बाईंनी दार लावून घेतलं.

"मी टिपणी लिहिली आहे, भाऊ. हे वाक्य घालू नये म्हणून. संचालक मंडळापुढं ठेवली, कुणी वाचली नाही."

"तुम्ही तोंडानं बोलल्या?"

त्यांनी टिपणीची फाईल उघडून त्याच्यापुढं केली.

"नाही बोलल्या," चंद्रशेखर म्हणाला. "माही बायको दहावी शिकेल होती, मॅडम. कमिशनवर होती. ती बोलली. तिची लाईन गेली, मंग ती गेली. तुम्ही एवढ्या शिकेल आन् टिपण्या लिहिता." तो उठला. एवढं बोलून बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही.

फिल्म तयार झाली. पहिला खेळ वडनेरच्या समाजमंदिरात, गटाच्या बायकांपुढं. चंद्रशेखरला निरोप नव्हता. कडूबाने फोन करून सांगितलं. "मी सांगतलं म्हून सांगू नका. पण या."

साठ-सत्तर बायका सतरंजीवर बसल्या होत्या. भिंतीवर पांढरी चादर बांधलेली. पुढं खुर्चीत भाऊराव, शेजारी पुष्पांजली मॅडम. चंद्रशेखर मागं दाराजवळ उभा राहिला.

चादरीवर ती आली.

रंग दोन छटा उजळ केला होता. कपाळावर टिकली. चपला गायब. उजव्या हातातली पावती काढून तिथं सोन्याचं नाणं दिलं होतं, ते फिरत होतं आणि चमकत होतं. फक्त खांदा तेवढा तसाच होता. तो सरळ करायचं कुणाला सुचलं नव्हतं. आणि त्या एका खांद्यावरून अर्धी सतरंजी ओळखून गेली.

"अवं माय, हे तं मायाबाई!"

"मायाबाईच आहे! पाह्य ना, थैली कशी धरली."

"गोरी झाली वं मेल्यावर," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं, कुणी पदर डोळ्याला लावला.

मग ती बोलली. पुण्याच्या कुठल्या तरी मुलीचा गोड आवाज होता. "नमस्कार मैत्रिणींनो!" बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. चंद्रशेखरने केलेले ओठ होते. प-ब-म ला बरोब्बर मिटत होते. त्याची मूठ वळली. त्याच्याच हाताचं काम इतकं चांगलं चाललं होतं, याचा त्याला जास्त राग आला.

चौथं दृश्य आलं. दोन इमारती. मधे महामाया. डावी भुवई वर गेली. रागावण्याआधी जायची ती भुवई. आणि ती हसून म्हणाली, "बँक असो की आपली सप्तधारा पतसंस्था, तुमचा पैसा दोन्हीकडं सारखाच सुरक्षित!"

चंद्रशेखर पुढं सरकला. पण त्याच्या आधी मधल्या रांगेतून जनकाबाई उठली.

"ओ, थांबवा ते. थांबवा म्हन्तो ना मी."

मशीनवाल्याने भाऊरावांकडं पाहिलं आणि फिल्म थांबवली. महामाया तोंड अर्धं उघडं ठेवून चादरीवर उभी राहिली.

"हे मायाबाई नाही बोलणार," जनकाबाई म्हणाली. "मी तिले विचारलं होतं. त्या वरच्या पतपेढीत व्याज जादा आहे, तिथं टाकू का म्हून. ती म्हने, मावशी, टाकाचं तं टाक, पण तिथं विमा नाही, मंग माह्या नावानं रडाचं नाही. माह्या कानानं ऐकलं मी."

"मले बी तेच सांगतलं होतं," मागून एक आवाज आला. "मले बी."

भाऊराव खुर्चीतून वळले. "बाई, खाली बसा. हे कार्टून आहे. मायाबाई वगैरे कोणी नाही."

"मंग तिचं तोंड काऊन लावलं?" जनकाबाई म्हणाली. "तिच्या तोंडाले आम्ही पैसे देतो म्हून लावलं ना? तिच्या तोंडानं तुमचं बोलून राह्यले तुम्ही."

भाऊरावांची नजर दाराकडं गेली. "पेंटर, हे तू शिकवलं का ह्यायले?"

"मी काय शिकवणार?" चंद्रशेखर म्हणाला. "शिकवून गेली ती. एकोणीस वर्षं. तुमची तीन मिनिटं आज आली." तो मॅडमकडं वळला. "मॅडम, तुम्ही बसल्या आहात तिथं. ह्या बायकायले सांगा. दोन्हीकडं सारखं आहे का? टिपणी नका लिहू. सांगा."

सगळ्या सतरंजीने मान वळवली. पुष्पांजली मॅडम बसल्या होत्या त्या उभ्या राहिल्या. त्यांनी भाऊरावांकडं पाहिलं नाही.

"सारखं नाही," त्या म्हणाल्या. "बँकेतल्या ठेवीला विमा आहे. एका माणसाच्या सगळ्या ठेवी आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. तुम्हाला त्याचा हप्ता भरावा लागत नाही, बँक भरते. पतसंस्था त्या विम्यात येत नाही. बँक वेगळी, पतसंस्था वेगळी. नाव सारखं असलं तरी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जनकाबाई खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "पाह्य. म्हटलं नोहतं?" भाऊराव उठले, बाहेर गेले. गाडीचं दार जोरात लागलं. कडूबा चादर सोडायला गेला तेव्हा महामायाचा चेहरा त्याच्या पाठीवर पडला होता.

फिल्म त्या दिवसापासून बंद आहे. भाऊराव अध्यक्ष आहेत. पुष्पांजली मॅडमना मोताळ्याच्या शाखेत पाठवलं. पण जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. बँकेच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी पत्र दिलं, की पात्राचं मूळ चित्र चंद्रशेखर यांचं आहे, त्यांच्या लेखी परवानगीशिवाय बँक ते वापरणार नाही, आणि ओपन फाईल परत केली आहे. चंद्रशेखरने पोचेवर सही केली, एक प्रत ठेवली, एक दिली.

"त्या दिवशी मी तुमच्यावर लई बोललो," तो म्हणाला.

"बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "उशीर मी केला."

त्याला त्यांना माफ करावंसं वाटलं नाही आणि तोडूनही टाकावंसं वाटलं नाही. तो जय भीम म्हणाला आणि निघाला.

आता तो फिल्म स्वतःच करतो आहे. वडनेरच्या गटाने मागितली आहे, पिंपळगाव राजाच्या गटाने मागितली आहे. कुणाकडं पैसे नाहीत, त्याने मागितलेही नाहीत. दुकान पूर्ण उघडतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की तो फाईल उघडतो. रंग परत काळा केला. टिकली पुसली. चपला घातल्या. दोन इमारतींवरचे बोर्ड त्याने वेगळ्या रंगांत रंगवले. चौथ्या दृश्याला जनकाबाई आवाज देते आहे. तीन वेळा झाला, तिन्ही वेळा ती मधेच कुणाला तरी भाजीचा भाव सांगते, चौथ्यांदा घ्यावा लागेल.

नाणं काढून टाकलं तेव्हा कळलं, पुण्याच्या पोराने पावतीचा थर लपवला नव्हता, पुसूनच टाकला होता. त्याच्या जुन्या प्रतीत पावती म्हणून नुसता कोरा चौकोन होता; ती आता नीट, पुन्हा काढावी लागणार. चंद्रशेखर जनकाबाईकडं गेला आणि ती शेवटची पावती मागितली, बघून काढायला. तिने कनवटीच्या पिशवीतून घडी काढून दिली. मशीनच्या पावत्यांची शाई उडते. कागद पांढरा झाला होता, वीस रुपये नाही, तारीख नाही, काही नाही.

"खाली मायाबाईचा नंबर होता," जनकाबाई म्हणाली. "उन्हानं गेला."

फोनच्या पडद्यावर ती पावती तांदळाच्या दाण्याएवढी दिसणार. चार आडव्या रेघा मारल्या तरी चालतील, कुणी वाचणार नाही. हे त्याला कळतं. पण तिच्या हातात खोटी पावती द्यायला त्याचा हात उठत नाही. त्याने बँकेकडं तिच्या शेवटच्या दिवसाच्या वसुलीची यादी लेखी मागितली आहे. दोन महिने झाले, उत्तर नाही. दर सोमवारी तो जाऊन विचारतो.

फिल्मची तीन दृश्यं झाली. चौथ्यातला आवाज आणि उजव्या हातातली पावती राहिली आहे.